५० चा बार ४० वर आणायचाय: रफिंगचे पास किती आणि प्रत्येक पास किती खोल?

बीड जिल्ह्यात शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक लेथ बहुतेक असतोच. त्यावर पंपाचे शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना, रसवंतीच्या मशीनचे पार्ट अशी कामं येत असतात. या लेखासाठी त्यातलंच एक काम घेऊ: कडबाकुट्टी मशीनचा नवा शाफ्ट.

समजा ५० मिमी व्यासाचा काळा एम.एस. बार आहे. त्याच्या एका टोकाला १२० मिमी लांबीपर्यंत व्यास ४० मिमी करायचा आहे, कारण तिथे ६२०८ नंबरचं बेअरिंग बसणार आहे. या बेअरिंगचं आतलं भोक ४० मिमी असतं. लेथ साधा, मोटर २ एचपीची, टूल कार्बाइडचं.

सगळं मटेरियल एकाच कटमध्ये काढता येत नाही, हे कोणालाही कळतं. मग किती कट घ्यायचे? ३, ५ की १०? बरेच जण हा आकडा सवयीने ठरवतात. पण तो हिशोबाने काढता येतो, आणि तो हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होण्याइतका सोपा आहे. क्रम असा: आधी फिनिशिंगसाठी किती सोडायचं ते ठरवा, मग आपली मशीन एका पासमध्ये जास्तीत जास्त किती खोल जाऊ शकते ते काढा, आणि शेवटी उरलेलं मटेरियल समान पासमध्ये वाटा.

व्यास आणि खोली यात गल्लत नको

५० वरून ४० वर यायचं म्हणजे व्यास १० मिमीने कमी करायचा. पण टूल बारच्या एकाच बाजूला असतं आणि बार फिरत असतो. त्यामुळे टूल १ मिमी आत गेलं की व्यास २ मिमीने कमी होतो. म्हणजे टूलला एकूण ५ मिमीच आत जायचं आहे. या लेखात ‘खोली’ म्हटलं की एका बाजूची खोली समजा.

हे लिहायला सोपं आहे, पण मशीनवर इथेच घोळ होतो. काही लेथच्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर टूल किती सरकलं ते लिहिलेलं असतं, तर काहींवर व्यास किती कमी होईल ते. अनोळखी लेथवर उभे असाल तर एक हलका कट घ्या आणि व्यास मोजा. मग डायल १० घरं पुढे नेऊन परत कट घ्या आणि पुन्हा मोजा. एक घर ०.०५ मिमीचं असेल आणि व्यास १ मिमीने कमी झाला असेल, तर डायल टूलची हालचाल दाखवतो. व्यास ०.५ मिमीनेच कमी झाला असेल, तर डायलवर थेट व्यास लिहिलेला आहे.

फिनिशिंगसाठी किती सोडायचं?

बेअरिंग शाफ्टसोबत फिरणार असल्यामुळे ते घट्ट बसलं पाहिजे. के ६ या फिटप्रमाणे ४० मिमीचा शाफ्ट ४०.००२ ते ४०.०१८ मिमी यामध्ये यायला हवा. म्हणजे आपल्या हातात फक्त ०.०१६ मिमीची जागा आहे. शाफ्ट यापेक्षा बारीक झाला तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घसरायला लागते, सीट झिजते आणि पात्यांचं जड चाक हलत फिरतं. कडबाकुट्टीच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, कारण चारा सरकवणाऱ्याचे हात त्याच चाकाच्या समोर असतात.

आता उष्णतेचं गणित बघा. स्टील १ अंश तापलं की दर मिमीमागे सुमारे ०.००००११५ मिमीने वाढतं. रफिंगनंतर शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर ४० मिमीचा व्यास ०.०१८ मिमीने जास्त भरतो. ही वाढ आपल्या पूर्ण ०.०१६ पेक्षाही मोठी आहे. गरम असताना मायक्रोमीटरवर ४०.०१० दिसलं तर थंड झाल्यावर तोच शाफ्ट ३९.९९२ भरेल, आणि काढलेलं मटेरियल परत लावता येत नाही.

म्हणून रफिंग करत थेट मापापर्यंत जायचं नाही. अशा कामात एका बाजूला ०.५ मिमी, म्हणजे व्यासात १ मिमी शिल्लक ठेवणं ठीक असतं. रफिंग ४१ मिमीवर थांबवायचं, जॉब थंड होऊ द्यायचा आणि मग फिनिशिंग करायचं.

अगदी थोडं सोडणंही चुकीचंच. रफिंगच्या खरबरीत रेषा पूर्ण निघून जातील एवढं मटेरियल तरी फिनिशिंगला उरलं पाहिजे. शिवाय टूलचं टोक सुईसारखं नसतं, त्याला ०.४ किंवा ०.८ मिमीची गोलाई असते. कट फारच पातळ घेतला तर ते टोक नीट कापत नाही, नुसतं घासत जातं.

आपला हिशोब आता असा झाला: एकूण ५ मिमी, त्यातून फिनिशिंगचे ०.५ वजा. रफिंगला उरले ४.५ मिमी.

एका पासमध्ये जास्तीत जास्त किती?

इथे पहिली मर्यादा मोटरची. कापायला लागणारी पॉवर चार गोष्टींवर ठरते: कटिंग स्पीड, खोली, फीड आणि मटेरियल किती विरोध करतं. फीड म्हणजे बारच्या एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं ते. एम.एस.साठी ०.२ मिमी फीडला हा विरोध साधारण २२०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरता येतो. सूत्र असं:

```
kW = speed × depth × feed × 2200 / 60000
```

स्पीड मीटर प्रति मिनिटमध्ये, खोली आणि फीड मिमीमध्ये. आपण स्पीड ८० धरू. ५० मिमीच्या बारसाठी ते सुमारे ५०० आरपीएमवर मिळतं.

२ एचपी म्हणजे जवळपास १.५ किलोवॉट. पण बेल्ट, गिअर आणि स्पिंडलमध्ये काही पॉवर जाते, त्यामुळे टूलपर्यंत ७० टक्के पोचते असं धरू: १.०५ किलोवॉट. सूत्र उलट फिरवलं की खोली सुमारे १.७९ मिमी येते; आपण थोडी कमी, १.७ मिमी धरू. हीच आपल्या मशीनची, या स्पीडला आणि या फीडला, मर्यादा.

हा आकडा वीज नीट असेल तेव्हाचा आहे. इंडक्शन मोटर जास्तीत जास्त जो पीळ देऊ शकते, तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ व्होल्टऐवजी ३५० मिळत असतील तर तो जवळपास ७१ टक्क्यांवर येतो. संध्याकाळी लाइनवर लोड असताना सकाळचाच कट मशीनला जड जातो, त्याचं कारण हे. अशा वेळी मर्यादा १.७ ऐवजी १.२ धरून हिशोब पुन्हा करा.

मोटरवर किती ताण आहे हे बघायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडचा क्लॅम्प मीटर एका फेजच्या वायरला लावा आणि मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरशी ताडून बघा. कट चालू असताना करंट त्याच्या वर टिकून राहत असेल तर खोली जास्त झाली आहे. मीटर नसेल तरी आवाज सांगतो: स्पिंडलचा सूर खाली बसतो, बेल्ट चिरकतो.

आता भागाकार, आणि एक छोटी युक्ती

४.५ ला १.७ ने भागलं की २.६५ येतं. अडीच-पावणेतीन पास असं काही नसतं, म्हणून वरचा पूर्णांक घ्यायचा: ३. यापुढची पायरी अनेक जण गाळतात. पास ३ ठरले ना, मग ४.५ ला परत ३ ने भागा: १.५ मिमी. प्रत्येक पास १.५ चाच घ्या.

१.७, १.७ आणि उरलेला १.१ असं का करायचं नाही? पास तेवढेच लागतात, वेळही तेवढाच. मग पहिल्या दोन पासमध्ये मोटर कडेपर्यंत ताणून तिसऱ्यात तिला मोकळी सोडण्यात काय फायदा? १.५ ला टूलपाशी ०.८८ किलोवॉट लागतात, म्हणजे मोटरवर साधारण १.२६ किलोवॉट. १.५ च्या मोटरला श्वास घ्यायला थोडी जागा राहते.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. कोणी ‘सेफ’ म्हणून १.४ मिमी धरलं, तर तीन पासमध्ये ४.२ निघतात आणि चौथा पास फक्त ०.३ मिमीसाठी घ्यावा लागतो. १.४ ऐवजी १.५ घेतले असते तर तो पूर्ण पास वाचला असता.

कोडमध्ये हे एवढंच आहे:

```python
import math
D, d, finish, limit = 50, 40, 0.5, 1.7
rough = (D - d) / 2 - finish
n = math.ceil(rough / limit)
print(n, rough / n)   # 3 1.5
```

आता वेळ बघू. ५०० आरपीएम आणि ०.२ फीड म्हणजे टूल मिनिटाला १०० मिमी चालतं. १२० मिमीच्या एका पासला १.२ मिनिटं लागतात, तीन पासला ३.६ मिनिटं. भीतीपोटी ०.५ मिमीचे ९ पास घेतले तर १०.८ मिनिटं. २० शाफ्टची ऑर्डर असेल आणि दोन्ही टोकं टर्न करायची असतील, तर ४० टोकांमागे फरक २८८ मिनिटांचा पडतो. म्हणजे जवळपास पाच तास, आणि त्यात टूल मागे आणायचा वेळ धरलेलाच नाही.

वेळ वाचवायचा म्हणून स्पीड वाढवण्याचा मोह होतो. पण टूलची धार सगळ्यात लवकर जाते ती स्पीडमुळे, फीडमुळे त्याहून कमी आणि खोलीमुळे सगळ्यात कमी. म्हणून रफिंगमध्ये आधी खोली वापरायची, मग फीड, आणि स्पीड सगळ्यात शेवटी.

पहिला पास थोडा वेगळा

काळ्या बारच्या अंगावर कडक पापुद्रा असतो. पहिला कट ०.२ मिमीसारखा हलका घेतला तर टूलचं टोक सगळा वेळ त्या पापुद्र्यातच घासत राहतं आणि लवकर बोथट होतं. टोक पापुद्र्याच्या खाली, स्वच्छ मटेरियलमध्ये चाललं पाहिजे. १.५ मिमीचा पास हे आपोआप करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बार तंतोतंत गोल नसतो आणि तीन जबड्यांच्या चकमध्ये तंतोतंत मध्यावरही बसत नाही. बार मध्यापासून ०.४ मिमी सरकलेला असेल तर १.५ चा कट एका बाजूला १.९ आणि समोरच्या बाजूला १.१ होतो. १.९ म्हणजे आपल्या मर्यादेच्या वर. मशीन दर फेऱ्याला ‘हूं-हूं’ असा आवाज करत असेल तर हेच चाललेलं असतं. उपाय म्हणजे बार चकमध्ये नीट बसवणं किंवा फक्त पहिल्या पासला फीड ०.२ वरून ०.१५ करणं. दुसऱ्या पासपासून पृष्ठभाग गोल झालेला असतो, मग फीड परत ०.२.

बारचा खरा व्यासही आधी मोजून घ्या. ५० च्या नावाने आलेला बार ५०.६ भरला तर रफिंगला ४.८ मिमी उरतात. पास तीनच राहतात, फक्त खोली १.६ होते.

बार बारीक असेल तर हा हिशोब पुरत नाही

आपल्या शाफ्टमध्ये मोटर आधी थकते, बार नाही. पण बारीक जॉबमध्ये उलटं होतं. १.५ मिमीच्या कटला टूलवर सुमारे ६६० न्यूटनचा दाब येतो, म्हणजे ६७ किलोच्या माणसाचं वजन. त्यातला साधारण ४० टक्के दाब बारला बाजूला ढकलतो असं धरू. चकबाहेर १२० मिमी असलेला ४१ मिमीचा बार टोकाशी फक्त ०.००५ मिमी वाकतो. त्याच लांबीचा १६ मिमीचा बार त्याच दाबाला ०.२२ मिमी वाकतो. व्यास अडीच पट कमी झाला, पण वाकणं चाळीस पटींहून जास्त वाढलं, कारण इथे व्यासाचा चौथा घात लागतो.

वाकलेला बार टूलपासून पळतो, म्हणून मोकळ्या टोकाला व्यास जास्त राहतो आणि चकजवळ कमी. पास झाल्यावर दोन्ही टोकांना मोजलं की हे लगेच कळतं. पृष्ठभागावर एकसारख्या लाटा दिसत असतील आणि कानाला किरकिर ऐकू येत असेल, तर बार थरथरतोय. चकबाहेरची लांबी व्यासाच्या तिप्पटीपेक्षा जास्त असेल तर टेलस्टॉकचं सेंटर लावाच. तरीही लाटा येत असतील तर खोलीची मर्यादा मोटरवरून न ठरवता बारवरून ठरवा: खोली निम्मी करा आणि पास पुन्हा मोजा.

सीएनसीवर हेच आकडे कुठे टाकायचे?

फानुक कंट्रोलच्या सीएनसी लेथवर रफिंगसाठी `G71` सायकल असते. तिचे सगळीकडे वापरले जाणारे दोन ओळींचे रूप आपल्या जॉबसाठी असं दिसेल:

```
G71 U1.5 R0.5
G71 P10 Q20 U1.0 W0.1 F0.2
```

दोन्ही ओळींत `U` आहे, पण अर्थ वेगळा. पहिल्या ओळीतला `U` म्हणजे एका पासची खोली, एका बाजूची. दुसऱ्या ओळीतला `U` म्हणजे फिनिशिंगसाठी सोडलेलं मटेरियल, व्यासात. म्हणून आपले ०.५ मिमी तिथे `U1.0` झाले. कोणी पहिला `U` व्यासात समजून `U3.0` लिहिलं, तर मशीन खरोखर ३ मिमी खोल जाईल आणि पॉवर दुप्पट लागेल. दुसऱ्या ओळीत `U0.5` लिहिलं तर बाजूला फक्त ०.२५ मिमी उरेल. `P10` आणि `Q20` हे तयार आकार सांगणाऱ्या ओळींचे नंबर, तर `R0.5` म्हणजे प्रत्येक पासनंतर टूल किती मागे येतं ते.

ही सायकल आपल्यासाठी समान वाटप करत नाही. दिलेली खोली ती घेत जाते आणि उरलंसुरलं शेवटी काढते. `U1.4` दिलं तर ०.३ मिमीचा तो फालतू चौथा पास ती मुकाट्याने घेईल. भागाकार आपल्यालाच करून द्यावा लागतो. सीएनसीची मोटर सहसा मोठी असते, म्हणून तिथे मर्यादा नव्याने काढा. कंट्रोल दुसऱ्या कंपनीचा असेल तर `U` चा अर्थ त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा.

शेवटचे ०.५ मिमी दोन सारख्या कटमध्ये

रफिंग झालं, शाफ्ट थंड झाला, मायक्रोमीटरवर ४१.०० दिसतंय. लक्ष्य ४०.०१. आता एकदम ०.९९ पुढे जायचं का? नाही.

रफिंगच्या दाबामुळे टूल आणि टूलपोस्ट किंचित मागे दबलेले होते. फिनिशिंगचा कट हलका असल्यामुळे ते परत जागेवर येतात आणि आपण डायलवर सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त कापतात. म्हणून आधी व्यासात ०.५० चा कट घ्या. समजा मोजल्यावर ४०.५० ऐवजी ४०.४७ आलं. ०.०३ जास्त गेलं. एकदम ०.९९ चा कट घेतला असता तर शाफ्ट ३९.९८ वर गेला असता आणि भंगारात टाकावा लागला असता.

आता ४०.४७ वरून ४०.०१ वर यायला ०.४६ हवेत. हा कट आधीच्या ०.५० च्या अगदी जवळचा आहे, स्पीड आणि फीडही तेच ठेवायचे. त्यामुळे दाब जवळपास तेवढाच राहतो, टूल तेवढंच दबतं आणि या वेळी डायल सांगेल तेवढंच मटेरियल निघतं. शाफ्ट हाताला गार लागल्यावर मोजा, बेअरिंगच्या जागेवर दोन ठिकाणी मोजा. दोन्हीकडे ४०.००२ ते ४०.०१८ च्या आत आकडा आला की बेअरिंग चढवायला हरकत नाही.

पूर्ण प्रवास असा झाला: ५०, ४७, ४४, ४१, मग ४०.४७ आणि ४०.०१. तीन रफ, दोन फिनिश. बार बदलला, मोटर बदलली किंवा लाइनचा व्होल्टेज पडला, तर यातला `limit` चा एकच आकडा बदला आणि भागाकार परत करा.